आईची कढई टाकली म्हणजे खरंच पळालो

नाही, नाही, नाही! चेहरा करून दाखवणार नाही! दर मेजवानीला तेच! मेंढी अजून शिजतेय, घोडीच्या दुधाचा पहिला वाडगा घशाखाली उतरलेला नाही, आणि कोणीतरी ओरडतंच, 'अहो कुर्तका, तो पळतानाचा चेहरा करा ना, पाहुण्यांना दाखवा ना!' अरे, मी काय अस्वल आहे? टोचलं की नाचायचं? आणि तुम्ही सगळे हसणार, मांड्यांवर थापा मारणार, पण त्या चेहऱ्याने माझं काय झालं ते विचारणार नाही कोणी. विचारलंय कधी? मग आज ऐकाच. ऐकल्याशिवाय मेंढीला हात लावायचा नाही! आणि नंतर म्हणू नका की कुर्तकाने सांगितलं नाही. कारण माझं सगळं दुःख तेच आहे, तुम्हाला सांगतो, की मी सांगितलं होतं!

आता हा चेहरा मला देवाने दिला, मी काही मागायला गेलो नव्हतो. जन्मलो तेव्हा आई म्हणाली, 'अगंबाई, ह्याला काय झालं रडायला?' आणि मी तर झोपलो होतो! पुढे मोठा झालो, धनुष्य धरायला लागलो, आणि आमचा सरदार बुग्रा, डोळ्याने घार आणि तोंडाने गिधाड असा माणूस, त्याने सगळी पोरं रांगेत उभी केली, एकेकाच्या हनुवटीला धरून तोंडं बघितली, आणि माझ्यापाशी येऊन थांबला. म्हणाला, 'वा! ह्याला बघून माझंसुद्धा धैर्य वाढलं. हा पळणाऱ्यांत घाला.' झालं! इतरांची पोरं भालेवाल्यांत गेली, टेकडीमागे दडणाऱ्यांत गेली, आणि मी पळणाऱ्यांत. बायका विचारतात, 'तुमचे हे लढाईत काय करतात हो?' माझी बायको काय सांगणार? 'पळतात.'

हसा. पण पळणं म्हणजे तुम्हाला काय वाटलं, टाच मारली आणि सुटलो? खरं पळणं सोपं आहे हो, ते कोंबडीलाही येतं! खोटं पळणं म्हणजे... आता बघा, शत्रूच्या तोंडापर्यंत जायचं, खरोखर भिडायचं, नाहीतर त्यांना वाटायचं हे आले कशाला आणि चालले कशाला? बाण टाकायचे, थोडी आरडाओरड, मग एकजण वळतो, मग दोघं, मग सगळे असे भांबावून, एकमेकांच्या अंगावर घोडी घालत... आणि हा सगळा गोंधळ बरं का, आम्ही वर्षानुवर्षं शिकारीत घोटून घोटून बसवलेला! कोण कुणाला धडकणार तेसुद्धा ठरलेलं! मग पळायचं, पण किती? जास्त जोरात पळालात तर ते म्हणणार, 'जाऊ दे, हे काय सापडायचे नाहीत,' आणि परत जाऊन जेवायला बसणार. हळू पळालात तर भाला पाठीत. मधलं अंतर धरायचं. त्याला वाटलं पाहिजे, आणखी जरासं, हा बघ, हाताला आलाच! आणि तिकडे घोडीला आतून लगाम आणि वरून चाबूक, तिला बिचारीला कळत नाही हा मेला मला पळ म्हणतोय की थांब म्हणतोय. मधूनच रिकिबीत उभं राहून मागे वळायचं, एक बाण सोडायचा, पुन्हा मान घालून पळायचं. आणि मागे वळलं की तो चेहरा दिसला पाहिजे. भेदरलेला. आईला हाका मारणारा. बुग्रा म्हणायचा, 'कुर्तका वळून बघतो ना, तेव्हा अर्धी लढाई झालेली असते.'

आणि माझी आई! तिला हे कधी पटलंच नाही. 'आपल्या घराण्यात कोणी पाठ दाखवली नव्हती.' अगं आई, ते सोंग असतं. 'सोंग असो नाहीतर काही असो, पोटात काही नको?' म्हणून प्रत्येक लढाईला माझ्या खोगिराला तिची ती कढई बांधायची! तांब्याची, तिच्या आईकडून आलेली, आमच्या गाडीवरची एकुलती एक किमती वस्तू. 'त्यात ज्वारीची पेज कर, मांस उकळ, नुसतं वाळलेलं दही चघळत बसू नकोस. आणि कुर्त्या, कढई हरवलीस तर घरी येऊ नकोस.' म्हणजे बघा, सगळं सैन्य दबक्या पावलांनी चाललंय, ओढ्यात लपलेल्यांनी घोड्यांची तोंडं दाबून धरलीत, खिंकाळू नयेत म्हणून, आणि मधे मी... ढण्‌! ढण्‌! ढण्‌! बुग्रा कपाळावर हात मारून घ्यायचा. आम्ही पळताना वाटेत सामान टाकतो ना, फाटके लोकरीचे नमदे, दोन लंगड्या मेंढ्या, एखादी मोडकी गाडी, मागचा उचलायला वाकला पाहिजे, त्याची रांग मोडली पाहिजे, तेव्हा बुग्रा दरवेळी म्हणायचा, 'ती कढई टाक की एकदा!' आणि मी दरवेळी म्हणायचो, 'सरदार, नदीकाठच्या कोटवाल्यांचा भाला परवडला, माझी आई नाही परवडत.'

तर आता माझी बहीण. कुमुश. माझ्याहून पुष्कळ लहान, सगळ्यांची लाडकी, सगळ्यांची थट्टा करणारी. तिने कुणाशी लग्न करावं? नदीकाठच्या त्या लाकडी कोटातल्या माणसाशी! सुदिला त्याचं नाव. पिंपं बनवायचा. मीठ न्यायला गाड्या घेऊन आला, आमच्या तळावर राहिला, आईच्या हातचं खाल्लं, ह्याच कढईतलं, आणि त्याने काय करावं? कढई पुसून-पुसून चाटली आणि आईला म्हणाला, 'असं आमच्या गावात कोणी करत नाही.' आई विरघळली! मला कधी नाही विरघळली, तुम्हाला सांगतो, पण त्या पिंपवाल्याला विरघळली. माणूस साधा. घोड्यावर बसला तर घोडंच त्याच्याकडे वळून बघायचं, की हे काय चढलंय. पण कोटातल्या त्याच्या गल्लीतली सगळी पिंपवाली माणसं त्याच्या शब्दावर उभी राहायची, आणि युद्धाच्या वेळी तीच त्याची तुकडी. अंगात लोखंडी कड्यांचा अंगरखा, हातात डोक्याएवढी उंच ढाल, लांब भाला. एकदा ढालीला ढाल लावून उभे राहिले की भिंत हो! आमचं घोडं भिंतीवर जात नाही, त्याला अक्कल असते.

आणि नेमकी कुमुश बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि नेमकं तेव्हाच वरच्या मंडळींचं बिनसलं! कोटातले लोक म्हणाले तुम्ही आमची गुरं नेलीत, आम्ही म्हणालो तुम्ही आमच्या कुरणात नांगर घातलात, झालं. कुमुश पोट सावरत माझ्यापुढे येऊन बसली. एरवी मला बघितलं की तिला हसू आवरायचं नाही, त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, 'दादा, मला तुमच्या लढाईतलं काही कळत नाही. तू जिंक, ते जिंकोत. मला तो जिवंत पाहिजे.' मी म्हटलं, 'अगं, रणात मी काय एकेकाला निवडू?' तर म्हणते, 'तू त्याला सांग. तुला सगळं ठाऊक आहे ना? मग सांग.'

म्हणून मी सांगितलं! नदीच्या उतारापाशी दोन्हीकडची माणसं भेटत होती, अजून घोडे-धान्याची देवाणघेवाण चालू होती, मी सुदिलाला बाजूला घेतलं. फितुरी? कसली फितुरी! ह्यात गुपित काय आहे? आमचे आजोबा असेच खोटं पळाले, त्यांचे आजोबा असेच मागे धावले आणि असेच मेले. सगळ्यांना माहीत आहे! मी म्हटलं, 'जावईबापू, कान इकडे करा. नदी सोडू नका. गाड्यांचं कडं करा, आत तुमचे तिरंदाज ठेवा. जमिनीवर पाय रोवून मारणाऱ्याचा बाण घोड्यावरच्यापेक्षा नेमका जातो, आणि आमच्या घोड्यांना चिलखत नाही. आम्ही भोवती फिरू, टोळीटोळीने येऊ, बाण टाकू, जाऊ, दुसरी टोळी येईल. तुमच्या ढाली साळिंदरासारख्या होतील, होऊ देत! तुमच्याकडे पाणी आहे. आमच्या घोड्यांनी गवत संपवलं की आम्हाला हलावंच लागतं. फक्त एक. आम्ही पळालो की मागे येऊ नका. पळालो, रडलो, आपटलो, मेलो, तरी येऊ नका!'

तो सगळं ऐकत होता, मान हलवत होता, मला बरं वाटलं, पहिल्यांदाच कोणीतरी ऐकतंय. मग त्याने विचारलं, 'पण दादा, एखाद्या वेळी तुम्ही खरंच पळत असलात तर? कळणार कसं?' मी आपला हसत म्हटलं, 'मी आईची कढई टाकली तर समजा की खरंच पळालो. ती ढणढणतेय तोवर सगळं सोंग.' तोही हसला. म्हणाला, 'सासूबाईंची कढई? ती तुम्ही मेलात तरी टाकायचे नाहीत.' मग दोघंही हसलो. कसले हसलो आम्ही! घरी येऊन कुमुशलाही सांगितलं, तीसुद्धा हसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो गेला आणि, हे मला नंतर त्यांच्या कैद्यांकडून कळलं, त्याने आपल्या सेनापतीला सगळं इमानदारीत सांगितलं. सेनापती कसला, दाढी होती नुसती! ती कुरवाळत म्हणाला, 'अच्छा! म्हणजे शत्रू स्वतः येऊन सांगतोय की मागे येऊ नका? मग तर मागे गेलंच पाहिजे! ह्यांना त्याचीच भीती आहे!' आता ह्यावर काय बोलाल? सांगा ना! खरं सांगावं तर ते डाव समजतात, डाव टाकावा तर ते खरं समजतात! पालथ्या घड्यावर पाणी! पण सुदिला ठाम. 'बाकीच्यांचं मला माहीत नाही,' म्हणाला, 'माझी गल्ली गाड्या सोडणार नाही.'

लढाईचा दिवस उजाडला. आम्ही सकाळपासून फिरतोय, बाण टाकतोय, वळतोय, काही होत नाही. त्यांच्या गाड्यांमागून नेमके बाण येतायत, आमची घोडी पडतायत. बुग्रा दात खात म्हणाला, 'पाण्यापासून उठवल्याशिवाय काही खरं नाही. पळा.' पळालो! काय पळालो, तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर पळणं! त्यांचे घोडेस्वार लगेच सुटले, पायदळाची अर्धी माणसं ओरडत बाहेर आली... आणि थांबली. मागे वळून बघायला लागली. कारण मधली भिंत हललीच नव्हती! सुदिलाची गल्ली गाड्यांना चिकटून उभी, ढालीला ढाल. ते उभे आहेत म्हटल्यावर बाकीच्यांचाही पाय निघेना. आणि मी, पळता पळता, रडका चेहरा करून, आतून इतका खूश! शाब्बास जावईबापू! ऐकलंत! जगात एकाने तरी माझं ऐकलं! मनात म्हटलं, चला, आज कोणी जिंकत नाही, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी, कुमुशला सांगतो.

तेवढ्यात बुग्रा घोडा फेकत माझ्या शेजारी आला. 'थांबलेत! परत गाड्यांकडे जातील! काहीतरी टाका, मोठं काहीतरी!' आणि त्याची ती घारीची नजर कुठे पडावी? मी ओरडलो, 'सरदार, नाही! ती नाही! सरदार, आज नको!' त्याने सुरी काढली, कच्‌! वादी तुटली. आणि कढई... मंडळी, तांब्याची कढई, सकाळचं ऊन, उताराची जमीन... अशी गडगडली, अशी चमकली, अशी वाजली, की सबंध कुरणात दुसरं काही दिसेना की ऐकू येईना! मी मागे वळलो. आणि ह्या वेळी चेहरा केला नाही. ह्या वेळी मी खरंच ओरडत होतो, 'नका! नका येऊ!' हात हलवत होतो, येऊ नका, येऊ नका! आणि बुग्रा शेजारून म्हणतो, 'वाहवा, कुर्तका! वाहवा!'

भिंत हलली. सगळ्यांत पुढे सुदिला, त्याच्यामागे त्याची गल्ली, त्यांच्यामागे सगळं सैन्य. मी सांगितलं होतं! सांगितलं होतं की नाही?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ऊन चढलं. लोखंडी अंगरखा, आत जाड नमद्याचा सदरा, हातात ती दारासारखी ढाल, पाणी मागे राहिलं. घोडेस्वार पुढे निघून गेले, तरणं पायदळ त्यांच्यामागे, म्हातारे त्यांच्याही मागे, भिंतीची झाली नुसती माळ, मणी सुटलेली. ढाली पाठीवर टाकल्या लोकांनी, भाल्याची काठी करून टेकत टेकत चाललेत. आम्ही दोन ओढ्यांच्या मधे त्यांना घेत गेलो, धूळ त्यांच्या तोंडावर, त्यांना बाजूचं काही दिसेना. उंचवट्यापलीकडे आमची ताजी घोडी धरून माणसं उभी होती. दमलेल्या घोडीवरून उडी, ताज्या घोडीवर उडी. घोड्याच्या शेपटीचं निशाण वर झालं, आणि पळणारे वळले. दोन्ही ओढ्यांतून दडलेले बाहेर आले. लांबून हलके बाण, घोड्यांवर आणि तोंडांवर, मग जवळ येऊन जड पात्याचे. चारी बाजूंनी घेरत नाही आम्ही, वेडे नाही. नदीच्या बाजूला वाट मोकळी ठेवतो. कोंडलेला माणूस मरेपर्यंत लढतो, आणि वाट दिसली की पाठ फिरवून धावतो. मग भालेवाले फक्त मागून जातात. मी त्या दिवशी एकही बाण सोडला नाही. मी नुसता हाका मारत फिरत होतो. 'जावईबापू! सुदिला!'

सापडला. एका खड्ड्याच्या काठावर बसला होता, बरगडीत बाण, आणि मांडीवर आईची कढई. उचलून आणली होती! एवढं लोखंड अंगावर, त्यात ती कढई, आणि हा तेवढा लांब धावत आला! मी त्याच्या गळ्यात पडलो, म्हटलं, 'गाढवा! सांगितलं होतं ना तुला! का आलास? कढईसाठी आलास?' तर मला म्हणतो, 'दादा, वाचलात? कढई पडलेली बघितली, वाटलं खरंच पळताय. आमचे घोडेस्वार तुमच्या मागे होते. ते तुम्हाला मारतील, म्हणून त्यांना सांगायला धावलो, की हा माझा मेहुणा आहे, ह्याला सोडा.' मग म्हणाला, 'सासूबाईंना सांगा, जरासा पोचा आलाय.' आणि बघितलं तर खरंच पोचा होता, बाणाचा. आमच्याच बाणाचा. मी तो बघत होतो तेवढ्यात तो गेला.

मी घरी आलो. कढई खोगिराला बांधलेली. ढण्‌, ढण्‌, ढण्‌. आवाज ऐकूनच कुमुश गाडीतून उतरली, पोट सावरत. मी रडत होतो हो. आयुष्यात पहिल्यांदा खरा रडत होतो, नाकातोंडातून, ओठ धरवत नव्हते. म्हटलं, 'कुमुश, गेला गं तो.' तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कढईकडे बघितलं. आणि हसली! 'पुरे दादा! हे सोंग कोटवाल्यांना दाखव. कढई आहे ना बरोबर? मग कसलं खरं!' मी म्हटलं, 'अगं, खरंच.' ती आणखी हसली. 'कुठे लपवलंयस त्याला? टेकडीमागे? तू रडलास की टेकडीमागे कोणीतरी असतंच!' आणि अवघडलेली ती बाई, कमरेवर हात ठेवून, हाका मारत टेकडीमागे बघायला निघाली. मी मागून ओरडतोय, 'नको जाऊस, कुमुश, तिथे कोणी नाही.' तिने ऐकलं? माझं कोणी ऐकतं?

पुष्कळ वेळ तिकडून आवाज आला नाही. मग आला. त्यानंतर ती माझ्या तोंडाकडे बघून कधी हसली नाही. मुलगा आता चालायला लागलाय, त्याला माझ्याकडे देते, पण बोलत नाही. आई कढईत त्याच्यासाठी पेज करते, पोच्यापाशी ती नेहमी करपते.

झालं, सांगून झालं. मेंढी शिजली असेल, वाढा. काय म्हणालात तुम्ही मागचे? 'ते सगळं ठीक, पण तो चेहरा?'

अहो, तोच तर आहे. केव्हाचा.